मोटिव्हेशन लेटरमधला एकच प्रसंग: पाठवण्यापूर्वीची तयारी

जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करताना मोटिव्हेशन लेटरला बहुतेक ठिकाणी एक ते दोन पानं मिळतात. हा विषयच का, हे सांगायला त्यात एक प्रसंग पुरतो, पण तो साठ-सत्तर शब्दांत बसला पाहिजे. उदाहरणासाठी सांगोल्याकडची, सिव्हिल झालेली आणि भूजलाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणारी एक मुलगी धरू.

लिहायला बसण्याआधी अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक उतरवून घ्या. विद्यापीठाच्या साइटवर ते बहुधा पीडीएफमध्ये असतं, आणि कुठल्या विषयात नेमकं काय शिकवतात ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्याला खरोखर हवेत असे दोन-तीन विषय त्यातून खुणा करून ठेवा. प्रसंग निवडायचा तो हे वाचून झाल्यावर. आधी प्रसंग ठरवला की पुढचं सगळं पत्र त्याच्यामागे ओढत न्यावं लागतं.

आता आठवतील ते प्रसंग एकेका ओळीत लिहून काढा. दुष्काळात टँकरची वाट पाहणं, आजोबांची आटलेली विहीर, कोरडं गेलेलं बोअर. पहिले दोन खरे असले तरी बाजूला ठेवा, कारण त्यांत दुःख आहे, प्रश्न नाही. निवड समितीला तुमची कीव यायला नको आहे, तुमचं डोकं कुठे अडकलं ते कळायला हवं आहे. बोअरच्या प्रसंगात ते अडकलेलं दिसतं.

पहिला खर्डा मोकळेपणी लिहा. आमच्या मुलीचा पानभर झाला होता: वडिलांचं कर्ज, आईचे दागिने, गावाचा इतिहास, सगळं आलं. मग त्यातलं जे जे प्रश्नापर्यंत नेत नाही ते काढलं. उरलं ते असं:

‘बारावीच्या सुट्टीत आमच्या शेतात 420 फूट बोअर घेतलं, नुसती धूळ वर आली. बांधापलीकडे शेजाऱ्यांना 180 फुटांवर पाणी लागलं होतं. पाणाड्याने हातावर नारळ ठेवून दोन्ही जागा सारख्याच ठामपणे दाखवल्या होत्या. बोअरवाल्याला कारण विचारलं, तेव्हा त्याने मशीनशेजारचे ढीग दाखवले: काळा चुरा, मध्ये तांबडी माती, पुन्हा काळा. एकाच शेजारात खडक इतका का बदलतो, ते मला तेव्हा कळलं नाही.’

कर्ज यात नाही, तरी 420 फूट म्हणजे किती पैसे गेले ते न सांगता कळतं. पाणाड्याला हसलेलं नाही, हेही बरं. स्वतःला शहाणं ठरवण्याच्या नादात गावाची टिंगल करणारी पत्रं लगेच ओळखू येतात. तांबड्या मातीचा तपशील मात्र काहीही झालं तरी ठेवायचा. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये असा तांबडा पट्टा सापडतो, हे वाचणाऱ्या भूशास्त्रज्ञाला ठाऊक असतं. तिथे उभं राहून पाहिलेल्यालाच तो सुचतो.

प्रसंगानंतरचं वाक्य सगळ्यात जास्त तपासा. ‘तेव्हाच मी ठरवलं की…’ असं असेल तर खोडा. बारावीत कुणी जलभूशास्त्रज्ञ व्हायचं ठरवत नाही. तिथे केलेलं काम यायला हवं. हिने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीचे भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे आकडे घेतले, नकाशा काढला, आणि तो शेजारच्या दोन विहिरींतला फरक दाखवू शकला नाही. कारण कठीण खडकात पाणी भेगांतून आणि कुजलेल्या थरांतून खेळतं, आणि हिने दोन विहिरींमधली पातळी सरळ रेषेत उतरते असं धरलं होतं. ही मर्यादा लिहिली की भेगाळ खडकातल्या प्रवाहाचा विषय का हवा, हे आपोआप येतं. हँडबुकातली खूण इथे कामाला आली. यापुढे घरचा उल्लेख पुन्हा करायचा नाही, शेवटच्या परिच्छेदातही नाही.

पाठवण्याआधी प्रसंग झाकून उरलेलं पत्र वाचा. काहीच बिघडलं नाही, तर प्रसंग शोभेचा आहे. पत्र कोसळलं, तर प्रोजेक्ट आणि विषयांना जागा कमी पडली आहे. सीव्हीतली वर्षं जुळतात का पाहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना मसुदा दाखवा, म्हणजे प्रोजेक्टचं वर्णन दोन्हीकडे एकच राहील. घरी फोन करून फुटांचे आकडे विचारून घ्या. मुलाखत झालीच तर ‘मग शेजाऱ्यांचं पाणी टिकलं का?’ असं कुणीही विचारू शकतं, तेव्हा तेही त्याच फोनवर विचारा.