यूपीव्हीसीची खिडकी खडखडते किंवा उघडी राहत नाही, मग काय करायचं

बाहेरच्या बाजूला दारासारखी उघडणारी यूपीव्हीसीची खिडकी असेल, म्हणजे केसमेंट, तर तिला लाकडी खिडकीसारख्या बिजागऱ्या नसतात. पल्ला उघडून वर आणि खाली बघा, दोन्हीकडे स्टीलची चपटी कात्रीसारखी पट्टी दिसेल, तिला फ्रिक्शन स्टे म्हणतात आणि बिजागरी अन् खिडकी धरून ठेवणं ही दोन्ही कामं तीच करते. एक लांब पट्टी म्हणजे ट्रॅक, तो फ्रेमला स्क्रूने बसवलेला असतो, दुसरा हात पल्ल्याला, आणि ट्रॅकमध्ये एक छोटा ठोकळा सरकतो तो स्लायडर. हा स्लायडर ट्रॅकला घट्ट घासतो म्हणून पल्ला जिथे सोडाल तिथे थांबतो. घासणं कमी झालं की वारा आला रे आला, धाडकन बंद.

म्हणूनच खिडकी जरा कुरकुरली की ट्रॅकमध्ये तेल मारायचं हा जो सगळ्यांचा पहिला उपाय असतो ना, तो इथे करू नका. तेलाने आवाज जाईल पण पकडही जाईल. तेल मारायचंच तर पट्ट्या जिथे रिव्हेटने जोडल्यात त्या सांध्यांवर एकेक थेंब, बस्स. आधीच कोणी ट्रॅकमध्ये मारलं असेल तर कापडाने पुसून घ्या, मग साबणाच्या पाण्याने आणि परत कोरड्या कापडाने. धूळ आणि तेलाचा जो काळा चिखल निघतो तो बघितल्यावर बरंच काही कळतं.

साफ करून झालं की स्लायडरवर एक छोटा स्क्रू शोधा, बहुतेक पितळी असतो आणि साध्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरतो. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा द्या, वरच्या स्टेला जेवढा तेवढाच खालच्याला. मग पल्ला अर्धा उघडून सोडा. थांबला तर झालं, नाही तर परत पाव फेरा. एकदम आवळून टाकू नका, कारण मग पल्ला ढकलायला जोर लागतो आणि तो सगळा जोर त्या बारीक स्क्रूंवर येतो. एकच स्टे आवळला तर पल्ला उघडताना पिळल्यासारखा होतो, तेही वाईट. स्वस्तातल्या काही स्टेंना हा स्क्रू नसतोच, त्यांची पकड गेली की बदलणं एवढाच मार्ग.

आता खडखड. इथे लोक सरसकट फ्रिक्शन स्टेला दोष देतात पण आधी खडखड कुठल्या बाजूला आहे ते बघा. खिडकी बंद करून लॉक लावा आणि आतून तळहाताने चारही कोपरे एकेक करून ढकला. हँडलच्या बाजूचा कोपरा हलत असेल तर स्टेचा संबंध नाही, लॉक पल्ल्याला पुरेसं आत ओढत नाहीये. बिजागरीच्या बाजूचा हलत असेल तर मात्र स्टेच. खात्री करायची असेल तर कागदाची पट्टी पल्ला आणि फ्रेमच्या मध्ये ठेवून खिडकी बंद करा आणि पट्टी ओढा, जिथे ती सहज सुटून येते तिथे रबर दाबलं जात नाहीये. रबर स्वतःच आखडून कोपऱ्यात तुटलं असेल तर तेही तेव्हाच दिसेल, मग आधी ते बदला.

हँडलच्या बाजूचं काम सोपं आहे. पल्ल्याच्या कडेला लॉकच्या पट्टीवर मशरूमसारखे छोटे गोल खुंट असतात. बऱ्याच खिडक्यांत हे खुंट मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला बसवलेले असतात, म्हणजे अ‍ॅलन कीने फिरवले की पल्ला फ्रेमकडे जास्त ओढला जातो. सगळे खुंट सारखेच फिरवा आणि प्रत्येक वेळी हँडल लावून बघा. कागद अडकायला लागला की थांबा, कारण त्याच्यापुढे गेलात तर हँडल जड होतं आणि आतला गिअर तुटतो, तो खर्च वेगळाच. खुंट फिरणारे नसतील तर फ्रेमवर समोर जी स्ट्रायकरची पट्टी असते तिच्याखाली पातळ पॅकिंग देऊन भागतं.

बिजागरीच्या बाजूला काय होतं ते एका खिडकीवरून सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी, तळमजला, पल्ला दोन फूट रुंद, चार फूट उंच, काच ५ एमएमची. वारा आला की खालचा कोपरा टकटक करायचा आणि उघडी ठेवली तर परत येऊन आपटायची. लॉकच्या बाजूला कागद घट्ट, म्हणजे तिथे सगळं ठीक. खाली वाकून बघितलं तर ट्रॅकच्या बिजागरीकडच्या टोकाला जी छोटी टोपी असते, ज्यात बंद करताना हाताचं टोक घुसून पल्ल्याला आत खेचतं, ती फुटलेली. आणि स्लायडर एवढा झिजलेला की स्क्रू आवळून काही फरक नाही. अशा वेळी दुरुस्तीत वेळ घालवू नये, जोडी बदलावी, एक नवा एक जुना असं करू नये.

दुकानात जाताना जुना स्टे सोबत न्या. लांबी इंचात मागतात, आणि बाजूला उघडणाऱ्या पल्ल्याला साधारण रुंदीच्या निम्मी लागते, म्हणून काकूंना १२ इंची. पण लांबीपेक्षा लोक जे विसरतात ते म्हणजे जाडी. स्टे बंद असताना त्याची उंची मोजा, १३ आणि १७ एमएम असे दोन प्रकार सर्रास मिळतात आणि वरून बघून सारखेच वाटतात. १७ च्या जागी १३ बसवला तर पल्ला खाली बसतो आणि फ्रेमला घासायला लागतो. वजनही सांगा. ५ एमएमच्या काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे त्या पल्ल्यात नुसती काच सात-आठ किलो, दुहेरी काच असेल तर दुप्पट. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर निदान ३०४ ग्रेडचं स्टील मागा आणि खिशात चुंबक ठेवा, ३०४ ला ते जवळजवळ चिकटत नाही, हलक्या प्रतीच्या बऱ्याच स्टीलला लगेच चिकटतं. वर बिजागरी असलेल्या, खालून उघडणाऱ्या खिडकीचे स्टे वेगळे असतात, ते यात चालत नाहीत.

बसवताना जुन्या ट्रॅकच्या टोकांची खूण पेन्सिलने करा. एकाने पल्ला धरायचा, दुसऱ्याने आधी पल्ल्याकडचे स्क्रू काढायचे, पल्ला उतरवून ठेवायचा, मग फ्रेमवरचे ट्रॅक बदलायचे. हे फक्त तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर पल्ला बाहेर लटकलेला असतो आणि सुटला तर थेट खाली कोणाच्या तरी डोक्यात, तिथे फिटर बोलवा. ट्रॅकमधल्या स्क्रूंची डोकी पूर्ण आत बसली पाहिजेत, एक जरी वर राहिलं तर स्लायडर त्याला अडतो आणि तुम्हाला वाटतं नवा स्टेच खराब आलाय. भोक ढिलं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू वापरा. लांब स्क्रू घालायचा मोह होतो पण पल्ल्याच्या बाजूला तो काचेपर्यंत पोचू शकतो.

एक वेगळी केस म्हणजे हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा फ्रेमला घासणं. स्टे ढिला नसेल तर बहुतेक काचेची पॅकिंग सरकलेली असते. काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या, म्हणजे बीडिंग, काढून खाली बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वर हँडलच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पॅकिंग बसवल्या की काच तिरकी अडकून पल्ल्याला उचलून धरते.

आणि हे सगळं नीट केलं तरी जून-जुलैच्या वादळी वाऱ्यात पल्ला उघडा ठेवून स्टेवर विसंबू नका, घर्षण मंद वाऱ्यापुरतंच असतं. तेव्हाही खिडकी थोडी उघडी हवी असेल तर रिस्ट्रिक्टर नावाची वेगळी पट्टी मिळते, ती पल्ल्याला ठरावीक अंतरावर अडकवून धरते.