सहा महिन्यांसाठी टीव्ही: भाड्याने घ्यावा की विकत?

माझा मामेभाऊ सहा महिन्यांच्या कामासाठी साताऱ्याहून जोगेश्वरीला राहायला आला. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आल्या आल्या म्हणाला, "दादा, टीव्ही महिना सातशेने मिळतोय, घेऊन टाकतो." मी त्याला आधी कागद-पेन घ्यायला लावलं. आकडे त्याला मिळालेल्या दरांचे आहेत. तुमचे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

आधी पैशांचे दोन रकाने करा: जे परत येत नाहीत ते, आणि जे फक्त अडकून पडतात ते. बहुतेकांची गल्लत इथेच होते. डिपॉझिट खर्चात धरलं की भाडं उगाच महाग वाटतं. टीव्हीची पूर्ण किंमत खर्चात धरली की विकत घेणं महाग वाटतं, कारण जाताना तो विकता येतो हे आपण विसरतो.

आता भाड्याची बाजू. ३२ इंची स्मार्ट टीव्हीचं सहा महिन्यांच्या करारावर भाडं ७००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ८२६. जाहिरातीत हा कर बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून शेवटच्या बिलाच्या पानापर्यंत जाऊन बघा. सहा महिन्यांचे झाले ४,९५६. पोहोचवणं, जिने चढवणं आणि जोडणी यांचे ६००. एकूण गेले ५,५५६. डिपॉझिटचे १,५०० अडकले, पण ते परत यायचे आहेत.

मग विकत घेण्याची बाजू. तसाच नवा टीव्ही १३,५०० ला, दुकानातून डिलिव्हरी फुकट, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायला ३०० वेगळे. सहा महिन्यांनी बिल, खोका आणि उरलेल्या वॉरंटीसकट साधारण ८,५०० ला जाईल असं धरलं. म्हणजे गेले ५,३००. ही विक्रीची किंमत मनाने ठरवू नका. तेच मॉडेल जुन्या वस्तूंच्या ॲपवर आपल्याच भागात कितीला लावलंय ते पाहा आणि त्यातून हजार-दीड हजार वजा करा, कारण घासाघीस होणारच. खोका मात्र जपून ठेवावा लागतो. मुंबईच्या एका खोलीत तो कुठे ठेवायचा, हा प्रश्न हिशेबापेक्षा अवघड! थर्माकोल पलंगाखाली आणि खोका मोडून कपाटामागे, असं आम्ही ठरवलं.

तर सहा महिन्यांना दोन्ही जवळजवळ बरोबरीत. याचं कारण असं की विकत घेतलेल्या टीव्हीची किंमत खोका उघडताक्षणी पडते आणि नंतर हळूहळू उतरते. भाडं मात्र दर महिन्याला तेवढंच जातं. म्हणून नऊ महिने राहायचं झालं तर भाड्याचे आठ हजारांच्या वर जातात, तर विकत घेतल्यास नुकसान सहा हजारांच्या आसपासच राहतं. तीन महिन्यांचाच मुक्काम असेल तर भाडं स्वस्त. मुक्कामानंतर टीव्ही गावी न्यायचा असेल, तर हा हिशेब करायचीही गरज नाही. विकतच घ्या.

करारातली सर्वांत महाग ओळ म्हणजे मुदतीआधी परत केल्यास काय होतं ती. भावाच्या करारात तीन महिन्यांचा दर ९५० होता आणि सहाचा ७००. चौथ्या महिन्यात सोडला असता तर महिन्याला २५० चा फरक, चार महिन्यांचे १,००० आणि वर जीएसटी, असे १,१८० डिपॉझिटमधून कापले गेले असते. मुक्काम नक्की किती हे ठाऊक नसेल, उदाहरणार्थ परळला नातेवाइकाच्या उपचारांसाठी राहत असाल, तर छोट्या मुदतीचा महाग दरच घ्या आणि पुढे वाढवता येतो का ते आधीच विचारा.

भिंतीवर टांगायचा असेल तर घरमालकाला विचारल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका, नाहीतर भोकांचे पैसे खोलीच्या डिपॉझिटमधून जातील. टेबलावरचा स्टँड पुरतो. माल आणण्याची वेळही सोसायटीच्या वॉचमनला विचारून ठरवा.

शेवटी भावाने भाड्यानेच घेतला. खोलीचं डिपॉझिट आणि दलाली नुकतीच भरली होती, एकदम तेरा-चौदा हजार काढणं जड होतं. अडीचशे जास्त गेले तरी चालतील, म्हणाला.

तुम्हीही भाड्याने घेतलात तर टीव्ही आला त्याच दिवशी, माणूस समोर असतानाच, चालू स्क्रीन, चारही कडा, रिमोट आणि मागचा सिरियल नंबर यांचा एक व्हिडिओ काढून ठेवा. परत न्यायची सूचना आठवडाभर आधी लेखी द्या, कारण काही करारांत उचलून नेईपर्यंत भाडं चालूच राहतं. न्यायला आलेल्या माणसाकडून 'वस्तू मिळाली, तुटफूट नाही' असं लिहून घेतल्याशिवाय टीव्ही जिना उतरू देऊ नका.