मोटर फिरते पण पाणी येत नाही: सौर पॅनेल आणि ड्राइव्ह निवडताना या चुका टाळा

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांच्या पश्चिम भागात, तसेच निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात, बोअरवरची जुनी मोटर तशीच ठेवून तिला पॅनेल आणि ड्राइव्ह जोडून घेण्याकडे अनेक शेतकऱ्यांचा कल आहे. हेस्कॉमची थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते आणि ती अनेकदा रात्री येते, त्यामुळे हा विचार योग्यच आहे. मात्र अशा जोडणीत एक तक्रार वारंवार ऐकू येते. ऊन कडक असते, ड्राइव्हवर हर्ट्झचा आकडा दिसतो, मोटरचा आवाज येतो आणि पाईपमधून एक थेंबही पडत नाही. बहुतेक वेळा यात पंपाचा दोष नसतो. पॅनेल मोजण्याची पद्धत चुकलेली असते.

खानापूर तालुक्यातील एका शेतावर मी पाहिलेला संच उदाहरणासाठी घेऊ. मोटर ५ एचपीची, ४१५ व्होल्टची थ्री फेज सबमर्सिबल होती. उपसा चालू असताना बोअरमधील पाणी २०० फुटांवर, म्हणजे सुमारे ६१ मीटरवर टिकत होते. वरच्या टाकीची उंची धरली की पाणी ६४ मीटर उचलणे भाग होते. विक्रेत्याने ५४० वॉटची ९ पॅनेल दिली होती. त्याचा हिशेब असा की ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॉट आणि पॅनेल ४.८६ किलोवॉटची, म्हणजे वर भरपूर शिल्लक. पीएम-कुसुम योजनेतही ५ एचपीच्या संचाला ४८०० वॉटची पॅनेल धरतात, हा दाखला त्याने सोबत दिला. तो दाखला खोटा नाही, पण तो आकडा सौरऊर्जेसाठी जुळवून बनवलेल्या मोटर-पंपाच्या संचाचा आहे. बोअरमध्ये आधीपासून सोडलेल्या ४१५ व्होल्टच्या मोटरला तो लावता येत नाही.

पहिली चूक: वॉट मोजणे आणि व्होल्ट विसरणे

ड्राइव्ह पॅनेलच्या डीसी विजेपासून मोटरसाठी एसी वीज तयार करतो. साध्या ड्राइव्हमध्ये व्होल्ट वाढवण्याची सोय नसते, म्हणून बाहेर मिळणारे एसी व्होल्ट हे आत येणाऱ्या डीसी व्होल्टला १.४१४ ने भागून येतात, त्याहून जास्त नाहीत. मोटरला पूर्ण ४१५ व्होल्ट हवे असतील तर आत सुमारे ५८७ व्होल्ट डीसी लागतात. ते कमी पडले की ड्राइव्ह मोटरचे व्होल्ट आणि हर्ट्झ यांचे प्रमाण राखण्यासाठी हर्ट्झ खाली आणतो. ४१५ व्होल्टला ५० हर्ट्झ, तर निम्म्या व्होल्टला २५ हर्ट्झ. काही ड्राइव्ह हे प्रमाण सोडून हर्ट्झ वर रेटतात, पण मग मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते.

५४० वॉटच्या पॅनेलवर कामाचे व्होल्ट साधारण ४१.५ आणि मोकळे, म्हणजे काहीही न जोडता मिळणारे, व्होल्ट ४९.५ असे छापलेले असते. हे आकडे पॅनेलमधील सेल २५ अंशांवर असतानाचे आहेत. एप्रिलच्या दुपारी हवा ३६ अंशांवर असेल तर सेल ६४ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा कामाचे व्होल्ट ३६ च्या घरात उतरतात आणि मोकळे व्होल्ट ४४ वर येतात. ९ पॅनेल सिरीजमध्ये जोडली तर मोकळे व्होल्टच जेमतेम ४०० होतात. त्यांना १.४१४ ने भागले की २८२ व्होल्ट एसी, म्हणजे ३४ हर्ट्झ. भार पडल्यावर व्होल्ट आणखी उतरतात. त्या शेतावर भर दुपारी पडद्यावर ३२ हर्ट्झ दिसत होते, आणि पॅनेलची निम्म्याहून जास्त ताकद न वापरताच वाया जात होती.

दुसरी चूक: हर्ट्झ जितके, तितके पाणी असे समजणे

३२ हर्ट्झवर पाणी कमी आले असते तर शेतकऱ्याने कदाचित निभावून नेले असते, पण ते आलेच नाही. पंपाची पाणी उचलण्याची उंची हर्ट्झच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्या पंपाच्या कंपनीच्या आलेखात, ५० हर्ट्झवर व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना मिळणारी कमाल उंची ११० मीटर होती. ३२ हर्ट्झवर ती ४५ मीटर होते आणि पाणी तर ६४ मीटर चढवायचे आहे. मोटर फिरत राहते, पाणी पाईपमध्येच अडकून राहते. हे मोटरच्या जिवावरही बेतते, कारण सबमर्सिबल मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यानेच थंड होते.

म्हणून पॅनेल मोजण्याआधी एक आकडा काढावा: उचलायची उंची भागिले पंपाची कमाल उंची, त्याचे वर्गमूळ, गुणिले ५०. येथे ६४ भागिले ११० म्हणजे ०.५८, त्याचे वर्गमूळ ०.७६, म्हणजे सुमारे ३८ हर्ट्झ. या आकड्याखाली पाणी येणे शक्य नाही. त्याच्या वरही पाणी हर्ट्झच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. पाईपमधील घर्षणाची थोडी उंची धरून याच पंपाचा हिशेब केला, तर ४० हर्ट्झवर पूर्ण प्रवाहाच्या एक तृतीयांशाहून थोडे जास्त, ४२ वर निम्म्याहून थोडे जास्त आणि ४६ वर ऐंशी टक्के पाणी मिळते. शेवटच्या चार-पाच हर्ट्झमध्ये किती पाणी दडलेले आहे, हे यावरून दिसते. विहीर उथळ असेल आणि पाणी वीस-पंचवीस फूटच उचलायचे असेल, तर हा उंबरठा खूप खाली येतो आणि तोच ड्राइव्ह सकाळी लवकर पाणी देऊ लागतो. शेजाऱ्याचा संच चांगला चालतो म्हणून त्याच्याइतकीच पॅनेल घेणे यामुळेच फसते.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की उंबरठा वर सरकतो. याच बोअरमध्ये पातळी २०० ऐवजी २४० फुटांवर गेली, तर ३८ चे जवळजवळ ४२ हर्ट्झ होतात. हिशेब मेमधल्या पातळीवर करावा, दिवाळीच्या पातळीवर नव्हे. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी मात्र पॅनेल वाढवू नयेत. खानापूरच्या पावसात तेव्हा मोटर कोण लावतो?

तिसरी चूक: उलट्या टोकाला जाणे

व्होल्ट कमी पडतात हे कळल्यावर काही जण १६-१८ पॅनेल एकाच माळेत जोडतात. ४१५ व्होल्टच्या वर्गातील बऱ्याच ड्राइव्हची कमाल मर्यादा ८०० व्होल्ट डीसी असते आणि धोका उन्हाळ्यात नव्हे, डिसेंबरच्या थंड सकाळी असतो. १० अंशांवर मोकळे व्होल्ट सुमारे चार टक्के वाढून पॅनेलमागे ५१.५ होतात. १६ पॅनेलचे ८२४ व्होल्ट झाले की सूर्य उगवताच ड्राइव्ह जळू शकतो. १५ पॅनेलचे ७७२ होतात, ते बसतात. ड्राइव्हच्या पाटीवर मर्यादा ७५० असेल तर १४ वर थांबावे.

वॉटचा हिशेबही येथेच जुळतो. या मोटरला पूर्ण भारावर, ड्राइव्हमधील नुकसान धरून, सुमारे ५.४ किलोवॉट लागतात. ऊन, उष्णता आणि धूळ धरली तर ५४० वॉटचे पॅनेल भर दुपारी ३९० वॉटच्या आसपास देते. गाळप हंगामात साखर कारखान्याजवळच्या शेतात पॅनेलवर काजळी बसते, तिथे त्याहूनही कमी. १५ पॅनेलचे ५.९ किलोवॉट होतात. मागणीपेक्षा ताकद थोडी शिल्लक राहिली की पॅनेलचे व्होल्ट ३६ वर न उतरता मोकळ्या व्होल्टकडे चढतात, आणि त्यामुळेच त्या शेतावर १५ पॅनेलची एक माळ केल्यावर दुपारी ४७-४८ हर्ट्झ मिळू लागले.

ड्राइव्ह एचपीवर नव्हे, अँपिअरवर

सबमर्सिबल मोटर त्याच एचपीच्या जमिनीवरील मोटरपेक्षा जास्त अँपिअर घेते. ५ एचपीच्या ड्राइव्हचा प्रवाह ९ अँपिअरच्या आसपास असतो आणि मोटरच्या पाटीवर ९.५ किंवा १० असेल तर तो ऐन दुपारी ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. अशा ठिकाणी एक पायरी वरचा, ७.५ एचपीचा ड्राइव्ह घ्यावा, मात्र त्यात मोटरची पाटीवरची अँपिअर भरण्यास विसरू नये.

टू फेजवर मोटर चालवण्यासाठी लावलेला कंडेन्सर ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मध्ये राहिला, तर ड्राइव्हचे आतले भाग काही क्षणांत जाऊ शकतात. तो आधी काढावा. जुना स्टार्टरही मध्ये ठेवू नये. हेस्कॉमची वीज पर्याय म्हणून ठेवायची असेल तर चेंजओव्हर असा असावा की लाईनची वीज ड्राइव्हच्या मोटरकडील टोकांना कधीही पोहोचणार नाही, आणि तो मोटर पूर्ण थांबल्यावरच फिरवावा.

दोष ओळखायचा कसा

मल्टीमीटर नसला तरी ड्राइव्हच्या पडद्यावर डीसी व्होल्ट, हर्ट्झ आणि अँपिअर दिसतात. भर उन्हात मोटर बंद असतानाचे डीसी व्होल्ट लिहून घ्यावेत आणि मग चालू केल्यावर काही मिनिटांनी पुन्हा वाचावेत. हर्ट्झ कमी आहेत आणि चालू असतानाचे व्होल्ट बंद असतानाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त आहेत, तर ताकद पडून आहे आणि व्होल्ट कमी आहेत. ड्राइव्हची मर्यादा पाहून माळेत पॅनेल वाढवावीत. हर्ट्झ कमी आणि व्होल्ट ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरलेले, तर पॅनेलची ताकद पूर्ण वापरली जात आहे; धूळ, सावली किंवा एखादे सैल कनेक्टर शोधावे, आणि ते ठीक असेल तर वॉटच कमी आहेत. हर्ट्झ ४८ च्या वर असूनही पाणी कमी असेल तर मोटर उलटी फिरत आहे का, हे आधी पाहावे. ड्राइव्हकडून मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल संच बंद करून, पॅनेलचा स्विच काढून, थोडा वेळ थांबल्यावरच करावी, कारण ड्राइव्हच्या आत काही मिनिटे वीज साठून असते.

ड्रायरनचा, म्हणजे मोटर पाण्याविना चालत असल्याचा, दोष सकाळी-संध्याकाळी येत असेल आणि दुपारी येत नसेल, तर बोअर कोरडी पडलेली नाही. कमी हर्ट्झवर मोटर कमी अँपिअर घेते आणि ड्राइव्ह त्याला पाणी संपले असे समजतो. ड्रायरनची तपासणी उंबरठ्याच्या तीन-चार हर्ट्झ वर, येथे ४२ पासून, सुरू होईल अशी ठेवावी, आणि किमान हर्ट्झ ३९ वर बांधावेत, म्हणजे त्याखाली मोटर नुसती फिरत न राहता थांबेल आणि ऊन वाढल्यावर पुन्हा सुरू होईल.