नोकरी बदलताना पीएफ: या चुका टाळा

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतून मिहानमध्ये, नाहीतर थेट पुण्याला नोकरी लागली की पहिला सल्ला हमखास मिळतो: 'जुना पीएफ काढून टाक, नाहीतर तीन वर्षांनी खातं बंद पडतं.' या वाक्यातला सल्लाही चुकीचा आणि भीतीही चुकीची. बहुतेकांचं नुकसान याच वाक्यातून सुरू होतं, म्हणून एक उदाहरण धरून सगळा व्यवहार बघू.

समजा, एका तंत्रज्ञाने 1 नोव्हेंबर 2021 ते 28 फेब्रुवारी 2025, म्हणजे 40 महिने, बुटीबोरीत काम केलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 रुपये. त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये दरमहा कापले गेले. कंपनीनेही तेवढेच भरले, पण कंपनीच्या वाट्याचे 1,250 रुपये पेन्शन योजनेत गेले आणि पीएफमध्ये फक्त 550 आले. म्हणजे पीएफ खात्यात महिन्याला 2,350. चाळीस महिन्यांचे 94,000 आणि त्यावरचं व्याज धरून शिल्लक 1 लाख 6 हजारांच्या आसपास. 3 मार्चला तो मिहानमधल्या कंपनीत रुजू झाला.

पहिली चूक: नवी नोकरी असताना फॉर्म 19 भरणं

फॉर्म 19 हा पीएफच्या अंतिम हिशेबाचा अर्ज. तो नोकरी नसलेल्यासाठी आहे. नव्या ठिकाणी पीएफ कापला जात असेल तर जुनी शिल्लक काढण्याचा हक्कच उरत नाही, ती फक्त ट्रान्सफर होते. तरीही पुष्कळ जण नवीन कंपनीत पहिला हप्ता जमा होण्याआधीच्या फटीत अर्ज टाकतात आणि कधीकधी तो मंजूरही होतो.

मंजूर झाला तर काय होतं बघा. सलग पाच वर्षांची सेवा झालेली नाही आणि रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त आहे, म्हणून 10 टक्के टीडीएस कापला जातो. आपल्या तंत्रज्ञाचे साधारण 10,600 रुपये तिथेच थांबतात. पॅन जोडलेला नसेल तर कपात 20 टक्के. शिवाय कंपनीचा हिस्सा आणि व्याज त्या वर्षीच्या उत्पन्नात धरलं जातं. हीच रक्कम ट्रान्सफर केली असती तर बुटीबोरीचे 40 महिने पाच वर्षांच्या मोजणीत धरले गेले असते आणि मिहानमध्ये आणखी 20 महिने काढल्यावर हा करच लागला नसता.

खरोखर नोकरी सुटली असेल तर मुदत आधी तपासा. वर्षानुवर्षं अट होती दोन महिन्यांच्या बेकारीची. 13 ऑक्टोबर 2025 रोजी पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओ या संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने संपूर्ण पीएफ काढण्यासाठी ही मुदत 12 महिने आणि पेन्शनची रक्कम काढण्यासाठी 36 महिने करण्याचा निर्णय घेतला. तोवर शिल्लकेच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येईल, असंही त्यात आहे. त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका. अर्ज करण्याच्या दिवशी ईपीएफओचं पोर्टल कोणता पर्याय देतं, तो पाहा.

दुसरी चूक: फॉर्म 10सी 'सोबत' भरून टाकणं

हे नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. एजंट फॉर्म 19 बरोबर पेन्शनची रक्कम काढायचा 10सी पण भरून देतो, दोन रकमा येतात, माणूस खूश. पण 10सी भरून पैसे घेतले की पेन्शनसाठीची तेवढी सेवा पुसली जाते.

पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. आपल्या तंत्रज्ञाची तीन वर्षं चार महिने झालेली आहेत. पुढे कुठेही मिळून सहा वर्षं आठ महिने झाली की दहा पूर्ण. पेन्शनचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार 15,000 आणि सेवा 10 वर्षं धरली तर 58 व्या वर्षापासून महिन्याला सुमारे 2,143 रुपये. रक्कम मोठी नाही, पण ती आयुष्यभर मिळते आणि पश्चात जोडीदारालाही पेन्शन असते. आज हातात येणारी एकरकमी रक्कम त्यापुढे महाग पडते. नोकरीत मोठा खंड पडणार असेल, तर त्याच 10सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. सेवा जपून राहते, पुढच्या नोकरीत जोडता येते.

तिसरी चूक: बाहेर पडल्याची तारीख न बघणं

ट्रान्सफर अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. जुन्या कंपनीने पोर्टलवर `Date of Exit` भरलेली नसते. फुल अँड फायनल झालं, अनुभवाचं पत्र मिळालं, म्हणून तारीखही भरली असेल असं समजू नका. पोर्टलवर `View` मधल्या `Service History` मध्ये पाहा. तिथे रकाना रिकामा असेल तर जुन्या एचआरच्या मागे लागायची गरज नाही, तारीख स्वतः भरता येते:

`unifiedportal-mem.epfindia.gov.in` वर लॉगिन करा, `Manage` मध्ये `Mark Exit` निवडा, जुनी कंपनी निवडा, तारीख आणि कारण भरा, आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी टाका.

यात दोन बंधनं आहेत. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाल्याशिवाय हा पर्याय चालत नाही. आणि तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली असावी लागते. आपल्या उदाहरणात शेवटची वर्गणी फेब्रुवारीची, म्हणून तारीख 28 फेब्रुवारी. कोणी 'हिशेब 12 मार्चला झाला' म्हणून ती तारीख टाकू पाहिली तर ती स्वीकारली जाणार नाही. घाईत टाकलेली तारीख नंतर सहज बदलत नाही, म्हणून अनुभवपत्र समोर ठेवूनच भरा.

उलटा घोळही होतो. जुन्या कंपनीने 31 मार्च लिहिलं आणि नव्या कंपनीत रुजू 3 मार्चला. दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पूर्वी असे दावे सरसकट परत यायचे. मे 2025 मधल्या परिपत्रकानुसार केवळ या कारणावरून ट्रान्सफर नाकारायचा नाही. तरी तारीख खरोखर चुकली असेल तर ती दुरुस्त करून घेणंच बरं.

चौथी चूक: नावातलं एक अक्षर

आधारवर Wankhede, पीएफमध्ये Vankhede. लग्नानंतर आधारवर सासरचं आडनाव, पीएफमध्ये माहेरचं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर. माणसाला यात फरक वाटत नाही, संगणकाला वाटतो. दुरुस्ती `Manage` मधल्या `Joint Declaration` मधून होते. यूएएन म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा सदस्याचा पीएफ क्रमांक. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल तर बहुतेक दुरुस्त्या कंपनीच्या मंजुरीशिवाय होतात. त्याआधीचा असेल तर कंपनीची संमती लागू शकते. कंपनीच बंद पडली असेल तर छापील जॉइंट डिक्लेरेशन राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या अधिकृत व्यक्तीच्या सहीने पीएफ कार्यालयात द्यावं लागतं. क्रम लक्षात ठेवा: आधी दुरुस्ती, मग ट्रान्सफर. दावा टाकून नंतर नाव सुधारायला गेलात तर दोन्ही अडकतात.

ट्रान्सफर प्रत्यक्षात

नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म 11 मध्ये जुनाच यूएएन द्या. तो लपवला किंवा आठवला नाही म्हणून दुसरा यूएएन तयार झाला की पुढचं निम्मं काम त्यातच जातं. नव्या कंपनीची पहिली वर्गणी पासबुकात दिसली की `Online Services` मध्ये `One Member – One EPF Account (Transfer Request)` उघडा. वर चालू खात्याची माहिती येते, ती तपासा. खाली जुना मेंबर आयडी किंवा यूएएन टाकून `Get Details` करा. नागपूर कार्यालयाकडचा आयडी `NGNAG` ने सुरू होतो, पुण्याचा `PUPUN` ने. योग्य खातं निवडा, ओटीपी टाका, सबमिट करा. एप्रिल 2025 पासून जुन्या खात्याच्या कार्यालयाने मंजुरी दिली की रक्कम थेट नव्या खात्यात जाते. नव्या कार्यालयाची वेगळी मंजुरी लागत नाही.

पैसे आल्यावर एक फोन ठरलेला असतो: 'पीएफ आला, पण पेन्शनचे पैसे शून्य दाखवतंय.' ते बरोबर आहे. पेन्शन योजनेत व्यक्तिगत शिल्लक नसते, तिथे फक्त सेवेचे दिवस पुढे जातात. ते `Service History` मध्ये तपासा, पासबुकात शोधू नका.

दावा नाकारला गेला तर `Track Claim Status` मधलं कारण शब्दशः वाचा आणि तेवढंच दुरुस्त करून पुन्हा टाका. कारण समजत नसेल तर `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवा. दर महिन्याच्या 27 तारखेच्या 'निधी आपके निकट' शिबिरातही विचारता येतं. नागपुरात आणखी एक गल्लत होते. वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलिच्या कायम कामगारांचा भविष्य निर्वाह निधी कोळसा खाण भविष्य निधी संघटनेकडे असतो. त्याचे प्रश्न ईपीएफओच्या पोर्टलवर सुटत नाहीत.

तीन वर्षांनी खातं खरंच मरतं का?

या समजुतीला एक जुना आधार आहे. 1 एप्रिल 2011 पासून 36 महिने वर्गणी न आलेल्या खात्यांवर व्याज थांबवलं होतं. नोव्हेंबर 2016 मध्ये तो नियम बदलला, पण चहाच्या टपरीवरचा सल्ला बदलला नाही. आता खातं निष्क्रिय ठरतं ते सदस्य 55 नंतर निवृत्त झाला, कायमचा परदेशी गेला किंवा वारला आणि त्यानंतर 36 महिन्यांत दावा आला नाही तर. चाळिशीत नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर 58 पर्यंत व्याज मिळत राहतं. 2024-25 साठी ते 8.25 टक्के होतं. मात्र नोकरी सुटल्यानंतरच्या काळातलं व्याज करपात्र असतं, आणि हे पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळतं.

गोंधळ आणखी एका गोष्टीने वाढतो. तीन वर्षं व्याजाखेरीज काहीच हालचाल नसलेल्या खात्यातून पैसे द्यायच्या आधी कार्यालय ओळखीची जास्त कडक पडताळणी करतं. पैसे गेलेले नसतात, फसवणूक टाळायला तपासणी असते. अशा वेळी आधार, पॅन, जुनी पगाराची स्लिप आणि अनुभवपत्र घेऊन जा.

2014 आधीच्या, यूएएन नसलेल्या खात्यांचं काम किचकट असतं. जुन्या स्लिपवरचा पीएफ क्रमांक शोधा. तोही नसेल तर ईपीएफओच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाने आस्थापना शोधून कोड मिळतो. निष्क्रिय ठरल्यानंतर सात वर्षं कोणीच दावा केला नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही पुढची 25 वर्षं ती मागता येते. सदस्य हयात नसेल तर वारसांनी पीएफसाठी फॉर्म 20 आणि पेन्शनसाठी 10डी भरायचा. मृत्यू नोकरीत असताना झाला असेल तर विम्याच्या रकमेसाठी 5आयएफ सुद्धा, तो बहुतेक घरांत राहून जातो.