शनिवारच्या मीटिंगला ‘नाही’ म्हणताना या चुका टाळा

गुरुवारी संध्याकाळी सव्वापाचला इन्व्हाइट येतं: शनिवार, ११ ते १२, ‘प्रस्तावावर शेवटची चर्चा’. पाठवणाऱ्या क्लायंटकडच्या मॅडम आहेत. कामाला चोख, स्वभावाने बऱ्या. तुम्हाला शनिवारी जायचं नाहीये आणि मॅडमना दुखवायचंही नाहीये. इथून पुढे माणसं ज्या चुका करतात, त्या मी सगळ्या स्वतः करून पाहिल्या आहेत.

पहिली चूक गप्प बसण्याची. ‘उद्या बघू, नीट विचार करून लिहू’ म्हणत आपण गुरुवार घालवतो. शुक्रवारी दुपार कामात जाते आणि सहा वाजता आपण अगदी नम्रपणे लिहितो, ‘शनिवारी जमणार नाही, दुसरी वेळ बघूया का?’ आता दुसरी वेळ उरलीच कुठे? शुक्रवार संपला, म्हणजे मॅडमच्या हातात शनिवार किंवा रविवारच राहिला. शब्द कितीही मऊ असले तरी या उत्तराने त्यांची कोंडीच होते. गुरुवारी साडेपाचला पाठवलेलं साधं, थोडं ओबडधोबड उत्तर यापेक्षा बरं, कारण तेव्हा अख्खा शुक्रवार मोकळा असतो.

याच चुकीचं धाकटं भावंड म्हणजे नुसतं Decline बटण. Outlook च्या जुन्या आवृत्तीत तिथेच Do Not Send a Response असाही पर्याय असतो. तो निवडला की मीटिंग तुमच्या कॅलेंडरवरून जाते आणि बोलावणाऱ्याला पत्ताही लागत नाही. ती व्यक्ती शनिवारी ११ वाजता तुमची वाट पाहत बसते. नकार द्यायचाच तर सोबत दोन ओळी जायलाच हव्यात.

दुसरी चूक मोठी आहे, आणि बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपण पर्याय देतो, पण तो सोमवारचा देतो. ‘सोमवारी ११ ला भेटूया’ हे ऐकायला समजूतदार वाटतं. पण शनिवारची मीटिंग कुणी हौस म्हणून ठेवत नाही. बहुतेक वेळा सोमवारी सकाळी काहीतरी द्यायचं असतं. आपल्या उदाहरणात मॅडमना सोमवारी १० वाजता त्यांच्या वरिष्ठांपुढे प्रस्ताव मांडायचा आहे आणि त्यातला दरांचा तक्ता अजून पक्का नाही. त्यांच्यासाठी सोमवारचे ११ म्हणजे वरात गेल्यावर घोडं. पर्याय शनिवारच्या आधीचा हवा. तुम्ही भेट पुढे न ढकलता अलीकडे ओढलीत, तर समोरच्याला ती टाळाटाळ वाटत नाही, उलट तुम्हीच घाई करताय असं वाटतं.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट शोधायची: या मीटिंगमधून काय ठरायचं आहे, आणि कधीपर्यंत? इन्व्हाइटमध्ये ते लिहिलेलं नसेल, आणि बहुधा नसतंच, तर मागच्या मेलमध्ये पाहायचं किंवा सरळ विचारायचं: ‘मॅडम, सोमवारसाठी नेमकं काय पक्कं करायचं आहे? तक्ता, की मुदतही?’ कितीतरी शनिवार या एका प्रश्नावरच सुटतात. उत्तर येतं, ‘फक्त तक्त्यातल्या तिसऱ्या टप्प्याचा दर,’ आणि मग मीटिंगऐवजी दहा मिनिटांचा फोन पुरतो.

माझं पहिलं असं उत्तर कसं होतं, ते सांगते. मी लिहिलं होतं: ‘सॉरी सर, शनिवारी खरंच खूप अडचण आहे, घरी कार्यक्रम आहे, पाहुणे सकाळीच येणार आहेत, नाहीतर मी नक्की आले असते, प्लीज गैरसमज नसावा.’ तासाभरात उत्तर आलं: ‘काही हरकत नाही, मग संध्याकाळी ७ ला ठेवूया. पाहुणे गेलेले असतील ना?’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी कारण दिलं आणि त्यांनी कारणावर तोडगा काढला. अडचण जितकी तपशिलात सांगाल, तितकी ती सोडवायला माणूस उत्साहाने पुढे येतो. ‘शनिवारी मला जमणार नाही’ एवढं वाक्य पुरे. त्यामागे सॉरीची माळ लावली की नकार सौम्य होत नाही, कच्चा होतो.

याच्या अगदी उलट टोकाला नियमाची भाषा असते. ‘माझ्या कामाच्या वेळा सोमवार ते शुक्रवार ९ ते ६ आहेत, कृपया त्याच वेळेत मीटिंग ठेवावी.’ यात खोटं काही नाही, पण वाचणाऱ्याला खिडकी बंद झाल्याचा आवाज येतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा आहे. त्यातला ऑस्ट्रेलियाचा कायदासुद्धा नकार वाजवी आहे का, हे विचारतो, आणि ते ठरवताना संपर्काचं कारण काय होतं आणि त्या माणसाची जबाबदारी किती, हे पाहतो. म्हणजे समोरच्याचं काम काय आहे हा प्रश्न कायद्यालाही टाळता आलेला नाही. आपण तो दोन ओळींच्या मेलमध्ये टाळून कसं चालेल?

तर गुरुवारी साडेपाचला मी आता असं लिहीन:

‘नमस्कार मॅडम, शनिवारी ११ ला मला जमणार नाही. सोमवारच्या सादरीकरणाआधी दरांचा तक्ता पक्का व्हायला हवा, हे लक्षात आहे. उद्या, शुक्रवारी, दुपारी १२ ते १२:३० किंवा ४ ते ४:३० मी मोकळी आहे. सुधारित तक्ता उद्या सकाळी १० पर्यंत पाठवते, म्हणजे बोलताना फक्त टप्पे आणि मुदत उरेल. दोन्हीपैकी कुठली वेळ सोयीची ते कळवा, इन्व्हाइट मी पाठवते.’

नकार पहिल्याच ओळीत आहे, आणि लगेच दुसऱ्या ओळीत त्यांची मुदत आहे. तासाचा अर्धा तास झाला आहे, पण तो मी कापलेला नाही. तक्ता आधी पाठवत असल्यामुळे तेवढाच वेळ लागणार आहे. शुक्रवार भरगच्च असलेल्या माणसाला तास काढणं अवघड, अर्धा तास निघतो. वेळा दोनच दिल्यात, एक जेवणाआधीची आणि एक नंतरची. ‘पुढच्या आठवड्यात कधीही’ म्हटलं की शोधायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं, आणि सहा वेळा दिल्या की वाचणारा निवडणं उद्यावर टाकतो. इन्व्हाइट पाठवण्याचं कामही मी घेतलं आहे. ताठरपणा ‘नाही’ या शब्दात फारसा नसतो. ‘नाही’ म्हणून झाल्यावर उरलेली धावपळ कुणाच्या माथी येते, त्यावर तो ठरतो.

मेल पाठवल्याबरोबर दोन्ही वेळा स्वतःच्या कॅलेंडरवर अडवून ठेवायच्या. हे राहून जातं. मॅडम रात्री ‘४ चालेल’ लिहितात आणि आपण ते वाचेपर्यंत सकाळी कुणीतरी आपल्या ४ वर दुसरा कॉल टाकलेला असतो. मग ‘सॉरी, ४ आता नाही जमणार’ हा दुसरा नकार जातो, आणि तो पहिल्यापेक्षा फार वाईट दिसतो. उत्तर आलं की नको असलेली वेळ सोडून द्यायची.

कॅलेंडरमधूनच नवी वेळ सुचवायची असेल तर Google Calendar मध्ये Propose a new time आणि Outlook मध्ये Propose New Time आहे. त्यातून एकच वेळ जाते, म्हणून दुसरा पर्याय सोबतच्या संदेशात लिहावा. Outlook मध्ये बोलावणाऱ्याने ही सोय बंद ठेवलेली असू शकते, आणि दर आठवड्याच्या मीटिंगची अख्खी मालिका त्यातून हलवता येत नाही, त्यातली एखादीच मीटिंग हलते. बटण दिसत नसेल तर साधा मेल करा.

रात्रीच्या कॉलचं गणित जरा वेगळं आहे. समजा समोरची टीम साडेनऊ तास मागे आहे आणि त्यांनी आपल्या रात्री साडेनऊला, म्हणजे त्यांच्या दुपारी १२ ला, कॉल ठेवला. आपण मोठ्या सौजन्याने ‘सकाळी ११ चालेल का?’ विचारतो. तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. आपण आपली रात्र वाचवून त्यांची मागितली. दोघांचेही तास ९ ते ६ धरले तर इथे एक मिनिटही सामाईक निघत नाही, हे आधी मान्य करायला हवं. मग मधली कड उरते: आपले संध्याकाळचे ६, त्यांचे सकाळचे साडेआठ. दोघांनाही थोडी तोशीस, पण कुणाचीच रात्र जात नाही. मेलमध्ये दोन्हीकडच्या वेळा लिहा: ‘आमचे ६, तुमचे ८:३०’. समोरच्याला बोटं मोजायला लावू नका.

समोरची टीम अमेरिकेत असेल तर तिथे घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. इन्व्हाइट त्यांच्या वेळेला बांधलेलं असेल आणि आपल्याकडे घड्याळ हलत नसेल, तर ठरलेले ६ नोव्हेंबरात गुपचूप ७ होतात. आपली हद्द कुणीतरी ओलांडली असं समजून चिडून मेल लिहिण्याआधी तारीख पाहा.

आता समजा मॅडमचं उत्तर आलं: ‘शुक्रवारी मी दिवसभर प्रवासात आहे, शनिवारच शक्य आहे.’ इथे पहिलाच मेल पुन्हा चिकटवला तर मात्र आपण खरंच ताठर ठरतो. आधी भेटीशिवाय काम होतंय का ते पाहायचं: ‘तक्ता सकाळी १० ला पाठवते. तिसऱ्या टप्प्याच्या दराचे दोन पर्याय त्यात ठेवलेत, अ आणि ब. प्रवासात फक्त अक्षर कळवलंत तरी मी संध्याकाळी ६ पर्यंत अंतिम प्रत पाठवते.’ ज्यात एकच निर्णय घ्यायचा आहे तिथे हे बहुधा चालतं. जिथे तिघांना आपसात वाद घालून ठरवायचं आहे तिथे चालत नाही, आणि तिथे ओढूनताणून चालवूही नये.

तेही नाही जमलं, तर मी शनिवारी जाते. पण मोजून मापून: ‘ठीक आहे मॅडम, शनिवारी ११ ते ११:२५ येते, फक्त तिसऱ्या टप्प्याचा दर आणि मुदत घेऊया. पुढच्या प्रस्तावाच्या वेळी बुधवारीच अर्धा तास धरून ठेवूया का? तोवर तक्ता तयार असतो.’ या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आलं, की त्याच मिनिटाला बुधवारचं इन्व्हाइट पाठवून टाकायचं. शनिवारी ११:२५ ला, सगळे निघायच्या गडबडीत असताना, ते राहून जातं.