क्रीडादिनाचा अहवाल: मैदानावरच्या वहीपासून छापील पानापर्यंत

शाळेच्या वार्षिकांकाचे मागचे दोन अंक शेजारी ठेवून क्रीडादिनाचे अहवाल वाचून पाहा. पाहुण्यांचं स्वागत, 'स्पर्धा उत्साहात पार पडल्या', विजेत्यांची यादी, आभार. दोन्हीकडे तेच, फक्त नावं बदललेली. असं होतं कारण अहवाल आठवड्याभराने, आठवणीवर विसंबून लिहिला जातो.

म्हणून सुरुवात आदल्या दिवशी करा. मैदानावर फक्की मारली जात असते तेव्हा क्रीडाशिक्षकांकडून वेळापत्रकाची प्रत घ्या आणि प्रत्येक वेळेपुढे एक रिकामा रकाना आखा: 'प्रत्यक्षात केव्हा सुरू झालं?' नियोजनाबद्दल लिहायला हा रकाना पुरेसा असतो. आमच्याकडे एका वर्षी अकराची रिले अकरा चाळीसला सुटली. नुसता 'उशीर झाला' असा शेरा लिहून भागलं असतं, पण वहीत कारणही टिपलेलं होतं. लांब उडी आणि शंभर मीटरची अंतिम फेरी एकाच वेळी ठेवली होती आणि सहा मुलं दोन्हींत होती. खड्ड्यापाशी त्यांच्या नावाचा पुकारा होत होता आणि ती धावपट्टीवर उभी होती.

प्रत्यक्ष दिवशी दोघांनी वाटून घ्या: एकाने अंतिम रेषेजवळ थांबायचं, दुसऱ्याने उडीच्या खड्ड्याजवळ. निकाल तोंडी ऐकून लिहू नका, पंचांच्या तक्त्यावरून उतरवा. लांब उडीत फक्त सर्वोत्तम उडी न लिहिता प्रत्येकीच्या सगळ्या उड्या घ्या. दोघींची सर्वोत्तम उडी 3.82 मीटर असेल, तर पहिला क्रमांक दुसऱ्या सर्वोत्तम उडीवरून ठरतो, आणि ते आकडे नसतील तर वाचणाऱ्याला निकाल कोड्यात टाकतो. शर्यतींच्या वेळेबाबत जरा जपून. शंभर मीटरच्या शर्यतीत अंतिम रेषेवरच्या शिक्षकांनी शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केलं, तर आवाज त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत साधारण 0.3 सेकंद गेलेले असतात. घड्याळ निशाण खाली येताना पाहून सुरू केलं होतं की शिट्टी ऐकून, हे विचारून घ्या. शिट्टीवर असेल तर 'शाळेचा नवा विक्रम' हे शब्द वापरू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो वादाच्या प्रसंगाला. बहुतेक अहवाल तो गाळतात. मला ते पटत नाही, कारण मुलांच्या मनात तोच प्रसंग राहिलेला असतो. आमच्या चार बाय शंभर रिलेत पहिला आलेला संघ बाद ठरला. दुसरी बदली रेषेपलीकडे झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. कर्णधार मुलगी रडवेली होऊन सांगत होती, "सर, तिचा पाय आतच होता!" तिचं म्हणणं खरं होतं, आणि पंचांचा निर्णयही बरोबर होता. बदली 30 मीटरच्या पट्ट्यातच पूर्ण व्हावी लागते, पण त्यासाठी पाहतात ती बॅटनची जागा, धावणाऱ्यांचे पाय नव्हे. पाय आत होता, पुढे पसरलेल्या हातातली बॅटन रेषा ओलांडून गेली होती.

हे छापताना क्रम असा ठेवा: काय घडलं, नियम काय आहे, हरकत कोणी व कशी घेतली, निर्णय काय झाला. चुकलेल्या मुलीचं नाव देऊ नका, 'दुसऱ्या बदलीत' एवढं पुरे. 'दुर्दैवाने', 'अन्यायाने' असे शब्द काढून टाका, ते वाचणाऱ्याला एका बाजूला ढकलतात. मग मजकूर त्या पंचांना आणि त्या कर्णधाराला, दोघांनाही वाचून दाखवा. आमच्या कर्णधाराने एकच वाक्य घालायला सांगितलं: निर्णय कळल्यावर संघाने जिंकलेल्या संघाशी हस्तांदोलन केलं होतं. ते माझ्या वहीत नव्हतं. खिलाडूवृत्तीवर वेगळा परिच्छेद लिहायची मग गरज पडली नाही.

शेवटचा भाग पुढच्या वर्षासाठी. 'नियोजन अधिक काटेकोर हवे' असं लिहून कुणालाच काही करता येत नाही. प्रत्येक सूचनेत काम, ते करणारी व्यक्ती आणि मुदत लिहा. वरच्या दोन घटनांतून आमच्याकडे दोनच निघाल्या. दोन प्रकारांत नावं असलेल्या मुलांची यादी क्रीडाशिक्षकांनी वेळापत्रक पक्कं करण्याआधी काढायची आणि त्या दोन प्रकारांत निदान अर्धा तास ठेवायचा. आणि बॅटनचा नियम संघांना सरावाच्या पहिल्याच दिवशी, आखलेल्या रेषेवर उभं करून दाखवायचा.

अंक छापून येईपर्यंत महिने जातात, म्हणून या भागाची एक प्रत त्याच आठवड्यात क्रीडाशिक्षकांच्या फाइलला लावा.