कोकमाच्या बाटलीवर लाटा का येतात

डिप्लोमा करून सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलेली मुलं बाटली करायला बसली की पहिलं काम ठरलेलं असतं. पाच-सहा प्लेन टाकायचे, प्रत्येकावर एक लंबगोल काढायचा आणि सगळे निवडून लॉफ्ट द्यायचा, म्हणजे त्या सगळ्यांतून जाणारा आकार प्रोग्रॅमकडून करून घ्यायचा. बाटली तयार होते, पण उजेडाकडे फिरवली की अंगावर लाटा दिसतात. पेटची बाटली पारदर्शक आणि चकचकीत असल्यामुळे त्या लपतही नाहीत. आमच्याकडे, कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात, कोकम सरबत आणि आगळ भरणारे छोटे उद्योजक भरपूर आहेत. आपली बाटली वेगळी दिसावी असं त्यांना वाटतं, त्यामुळे हे काम नवशिक्यांकडे खरोखर येतं.

लाटा येण्याचं कारण सोपं आहे. प्रत्येक लंबगोलाची मापं तुम्ही अंदाजाने टाकलेली असतात आणि लॉफ्टला त्या प्रत्येकातून जावंच लागतं. बांबूची कामटी दोन-तीन खिळ्यांत वाकवली तर सलग वाकते, दर वितीला खिळा ठोकला तर ती प्रत्येक खिळ्याशी झोल खाते. म्हणून सेक्शन वाढवून पृष्ठभाग सुधारत नाही. यावर माझं मत ठाम आहे: बाटलीचा आडवा छेद तळापासून गळ्यापर्यंत लंबगोलच राहणार असेल, तर लॉफ्टला हात लावू नका. एक लंबगोल, एक पाथ आणि दोन गाइड कर्व्ह घेऊन स्वीप करा, म्हणजे लंबगोल पाथवरून सरकत जातो आणि त्याची रुंदी गाइड कर्व्ह ठरवतात.

उदाहरणाला 165 मिमी उंचीचं अंग घेऊ, गळ्याच्या आट्यांचा भाग सोडून. पाथ म्हणजे मधली 165 मिमीची उभी रेघ. Front Plane वर पहिला गाइड कर्व्ह, चार बिंदूंतून जाणारा सलग वक्र म्हणजे स्प्लाइन: मध्यरेघेपासून तळाशी 40 मिमी, 75 मिमी उंचीवर कमरेशी 32, 120 वर खांद्याशी 39 आणि वर गळ्याशी 14. Right Plane वर दुसरा कर्व्ह, त्याच उंचींवर 30, 24, 29 आणि 14. वर दोन्हीकडे 14 असल्यामुळे लंबगोल आपोआप 28 मिमीचं वर्तुळ होतो आणि गळा सरळ एक्स्ट्रूड करून जोडता येतो. त्यासाठी दोन्ही स्प्लाइनचं वरचं टोक उभं ठेवा, म्हणजे तिथल्या हँडलला Vertical रिलेशन द्या. नाहीतर गळ्याच्या सांध्याशी कड दिसेल. चार बाजूंना चार कर्व्ह लागत नाहीत, लंबगोल स्वतःच सममित असतो. दोन्ही कर्व्ह पाथइतकेच उंच ठेवा, कारण गाइड कर्व्ह आखूड पडला तर स्वीप तिथेच थांबतो.

मी ज्यात अडकले होते ती जागा आता येते, आणि ती मी सावकाश सांगणार आहे. प्रोफाइल शेवटी काढायचं, पाथ आणि कर्व्ह झाल्यावर. तळाच्या Top Plane वर लंबगोल काढा, त्याचं केंद्र पाथच्या खालच्या टोकावर ठेवा. आता लंबगोलाच्या मोठ्या अक्षाचं टोक पहिल्या गाइड कर्व्हला जोडायचं. इथे हात आपसूक Coincident कडे जातो. ते चालत नाही.

Top Plane वरून पाहिलं तर Front Plane मधला सगळा वक्र एक सरळ रेघ दिसतो. Coincident दिलं की तुमचा बिंदू त्या दिसणाऱ्या रेघेवर कुठेही बसू शकतो. वक्र तळाला जिथे प्रत्यक्ष छेदतो तिथेच तो असेल याची खात्री नाही. वरून सगळं जुळलेलं वाटतं आणि स्वीप मात्र होत नाही. कधी गाइड कर्व्ह प्रोफाइलला छेदत नाही अशा अर्थाचा एरर येतो, तर कधी बाटली वक्राकडे लक्षच देत नाही. हवं असतं ते Pierce. त्याने बिंदू वक्र जिथे स्केचच्या प्लेनला भोसकतो तिथे बांधला जातो. स्वीप वर सरकतो तसा छेदनबिंदू आतबाहेर होतो आणि लंबगोल त्याच्यामागे जातो.

Pierce देताना आधी लंबगोलाचा बिंदू निवडा, मग कंट्रोल दाबून वक्राच्या अंगावर, टोकापासून दूर, क्लिक करा. टोकाचा बिंदू पकडला तर यादीत Pierce दिसणारच नाही. तेच लहान अक्षाच्या टोकाचं दुसऱ्या कर्व्हशी करा. बरोबर झालंय की नाही हे कळायला लंबगोल ओढून बघा. अजून निळा असून सरकत असेल तर Pierce बसलेलं नाही. काळा होऊन हलेनासा झाला की बसलं.

आणि लंबगोलाला 80 आणि 60 ही मापं टाकू नका. आकार कर्व्ह ठरवतात. Pierce नंतर माप टाकलंत तर स्केच ओव्हर-डिफाइन होईल, Pierce च्या आधी टाकलंत तर लंबगोलाला बदलायची मोकळीकच राहत नाही. शिकवताना ‘स्केच नेहमी मापं देऊन पूर्ण बांधा’ असं घोकून घेतात, म्हणून हे मनाला पटायला वेळ लागतो. इथे स्केच पूर्ण बांधलेलंच आहे, फक्त रिलेशनने. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं खरंच हलकं जातं, घाबरू नका.

व्हिडिओ बघून क्लिकमागे क्लिक करण्यापेक्षा, चुकलं की फीचर उघडून कोणता बिंदू कशाला बांधलाय हे दाखवणारा माणूस शोधा. तुमच्या हातातला माऊस काढून घेणारा सीनियर कितीही हुशार असला तरी उपयोगाचा नाही.

पृष्ठभाग तपासायचा तो शेडिंगवर नाही. आधी दोन्ही स्प्लाइनवर कर्व्हेचर कोंब लावा, म्हणजे वक्र किती आणि कुठल्या बाजूला वळतोय हे दाखवणाऱ्या काड्या. या बाटलीत वक्र कमरेत आत वळतो, खांद्याशी बाहेर आणि गळ्याखाली पुन्हा आत. म्हणजे कोंबाची बाजू दोनदा बदलायला हवी. जास्त वेळा बदलली तर स्प्लाइनमध्ये नको असलेली लाट आहे, आणि उपाय बहुतेक वेळा बिंदू वाढवणं नसून एखादा काढून टाकणं हा असतो. मग सॉलिडवर Zebra Stripes लावा, म्हणजे पृष्ठभागावर काळे-पांढरे पट्टे दिसतील. पट्टे सलग वाहायला हवेत. सांध्यावर तुटून बाजूला सरकले तर तिथे कड आहे. जुळूनही तिथेच अचानक कोन करत असतील तर पृष्ठभाग स्पर्शी आहे, पण वक्रता जुळलेली नाही.

लॉफ्ट कुठे हवा तर जिथे छेदाची जातच बदलते. कोयतीच्या प्लास्टिक मुठीचं उदाहरण घ्या. पात्याकडे गोल कोपऱ्यांचा 30 बाय 20 चा आयत, तळहाताशी 36 बाय 26 चा लंबगोल. आयताला चार रेघा आणि चार कंस, एकूण आठ तुकडे. लंबगोल मात्र एकच. असाच लॉफ्ट दिला तर कुठला बिंदू कुठे जोडायचा हे प्रोग्रॅम स्वतः ठरवतो आणि मूठ पिळलेली येते. Split Entities ने लंबगोलाचे आठ तुकडे करा, आयताच्या कोपऱ्यांसमोर येतील असे. मग लॉफ्टमध्ये उजव्या क्लिकने Show All Connectors चालू करून प्रत्येक जोडणी समोरासमोर आहे ना ते पाहा. गाइड कर्व्ह दिलात तर तो दोन्ही सेक्शनना छेदलाच पाहिजे, आणि तिथेही रिलेशन Pierce चंच.